मार्क नसलेलं कार्ड अन् आमचा माणूस

आमच्या माणसाचा या दुनियेत कोणावर भरवसा नाही. एसटीच्या कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं की हा ते उजेडात धरून पाहते. दवाखान्यात गोळ्या दिल्या तर कंपाउंडरले इचारते, "याच गोळ्या तुमच्या घरच्यायले देता का?" मले पाहाले आला तवा पोहे खाता खाता माझ्या मामाले म्हणे, "पोरगी हीच ना? मंडपात दुसरी तर उभी नाही करणार?" मामा हसला. मले असा राग आला का पोह्याची बशी त्याच्याच डोक्यावर उपडी करावी. पण माय बाजूले बसली होती, म्हणून तो वाचला.

पंजाबराव पाईकराव त्याचं नाव. मी जया, त्याची बायको. फुलसावंगीपासून आत आमचं लहानसं गाव हाय, गावाच्या कडेले आमची बौद्ध वस्ती. पावसाळ्यात दुसऱ्याच्या वावरातली मजुरी अन् दिवाळी झाली का पुसदच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढाच्या कारखान्यात, हमाली, हेच त्याचं आयुष्य. मीही जिनात जाते. बाया तिथं कापसातली कचरापत्ती वेचतात. म्हणून त्याचा हा संशयी स्वभाव कुठून आला ते मले माहीत हाय. बाकीचे लोक त्याले उगाच बयताड म्हणतात.

जिनात कापसाची गाडी आली का ग्रेडर येते. गंजीत हात घालते, मूठभर कापूस काढते, चिमटीत धरून धागा ओढून पाहते अन् एक शब्द टाकते. "चांगला." "ओला." "कवडी," म्हणजे किडका. झालं! त्या एका शब्दावर भाव ठरते. वजन काट्यावर दिसते, ते चार लोकं पाहू शकतात. पण शब्द त्या ग्रेडरच्या तोंडात. त्यानं काय पाह्यलं, काहून म्हटलं, कोणाले इचारता?

पंजाबराव जवान पोट्टा होता तवाची गोष्ट. माझ्या सासऱ्यानं ठोक्यानं, म्हणजे भाड्यानं, केलेल्या वावरातला कापूस बाप-लेकायनं जिनात नेला. ग्रेडरनं हात घातला, गाडीवाल्याचं नाव इचारलं, अन् म्हणे, "कवडी." सासरा हात जोडत राह्यला. मंग एका ओळखीच्यानं कानात सांगतलं, गाडी फिरव. म्हणजे गाडी गेटच्या बाहेर काढाची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या नावानं आत आणाची. जिनात हे चालतेच. तोच कापूस दुसऱ्या दिवशी गावातल्या एका बड्या माणसाच्या नावानं आत गेला. तोच ग्रेडर, तीच मूठ. म्हणे, "चांगला."

तवापासून आमच्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आकडा आपला, शब्द त्यायचा. आकड्याले जात नसते, शब्दाले असते. आता त्यात काय खोटं हाय, सांगा बरं? मीही मान हलवतच आली.

म्हणून उर्वशी शाळेत गेली तवा याचा सारा जीव तिच्या मार्कावर. एकच लेकरू आमचं. बोलकी अशी का अख्खी वस्ती गोळा करून गोष्टी सांगे. पहिली-दुसरीले कमलाकर सर होते, रिटायर व्हाले आलेले, भला माणूस. दुसरीत तिले मराठीत शंभरापैकी ब्याण्णव दिले. पंजाबरावनं ते प्रगतीपत्रक पिठाच्या डब्यावर उभं करून ठेवलं होतं. पाहुणा आला का चहाच्या आधी ते पाहा लागे. "ब्याण्णव," तो म्हणे. "हे कोणाच्या बापाले खोडता नाही येत."

मंग कमलाकर सर गेले अन् साकेत सर आले. पुसदचेच, बाप कोर्टात मोठ्या हुद्द्यावर, घरात पिढ्यान् पिढ्या हापिसातले लोक. सराचं आडनाव ऐकलं अन् आमच्या माणसाच्या कपाळावर आठी पडली ती पडलीच. सर सडसडीत, तरणे, चपला वर्गाच्या बाहेर काढून लेकरायमधी खाली सतरंजीवर बसणारे. मले ते बरं वाटलं. याले त्यातही वास आला. "खाली कायले बसते?" म्हणे. "काही तरी पाहून राह्यला असन."

त्याच साली ते मार्काचं झालं. सरकारचा आदेश तसा आदल्या वर्षीच निघाला होता म्हणतात, परीक्षेवर सारं ठेवू नका, वर्षभर लेकरू पाहा, अन् पत्रकावर टक्के लिहू नका. आमच्या गावापर्यंत यायले त्याले एक साल लागलं. आमच्यापासून पुसदपर्यंतच्या मास्तरायनं मिळून लहान वर्गांसाठी एक नवं कार्डच बनवलं. दिवाळीच्या सुट्ट्या लागाच्या आधी पालकसभा बोलावली अन् ते हातात दिलं.

कापसाचा भाव त्या साली असा पडला होता का लोकायनं विकलाच नाही, घराघरात आढ्यापर्यंत भरून ठेवला होता. माणसं आधीच चिडलेली. त्यात कार्ड उघडून पाहतात तर आकडाच नाही! एकेका विषयाखाली वाक्यं. 'ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगते.' 'ओळखीचा धडा वाचते.' 'आधी न पाहिलेला मजकूर समजून वाचते.' 'दोन अंकी बेरीज वस्तू मांडून करते.' अन् दर वाक्यापुढं तीन घरं: मदतीने करते, स्वतः करते, इतरांना समजावते. ज्या घरात खूण, तिथं लेकरू. खाली सरायनं हातानं दोन-तीन ओळी लिहिलेल्या.

पंजाबराव उभा राह्यला. मले ठाऊकच होतं.

"सर, शंभरापैकी किती?"

"शंभरापैकी नाहीये ते," सर हसून म्हणाले.

"मंग कितीपैकी?"

"कशापैकीच नाही, पंजाबराव. ती आज कुठे आहे आणि पुढची पायरी कोणती, एवढंच यात आहे."

"म्हणजे मार्क हायेत, पण दाखवत नाही."

लोक हसले. सर बिचारे समजावत राह्यले, रचना का काय, सर्वंकष का काय, अर्धं डोक्यावरून गेलं. पण याची नजर कार्डावर खिळली होती. उर्वशीच्या 'गोष्ट सांगते' पुढं तिसऱ्या घरात खूण. 'ओळखीचा धडा' पुढं दुसऱ्या घरात. अन् 'आधी न पाहिलेला मजकूर' पुढं पहिल्या घरात. मदतीने.

"ब्याण्णववाली पोरगी," तो हळूच म्हणे, "मदतीनं?"

मंग तो जे करते ते त्यानं केलं. साऱ्या सभेत फिरून एकेकाचं कार्ड पाह्यलं. तांड्यावरच्या हिरासिंगचा पोरगा देवसिंग: स्वतः करतो. गावातल्या चार-पाच लेकरायचं: स्वतः. अन् आमच्या वस्तीतल्या तीनही लेकरायचं त्याच ओळीत मदतीने. तिन्हीचं! तो परत येऊन बसला तवा त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. हिरासिंगनं त्याचा हात धरून म्हटलं, "जाऊ दे ना पंजाब, लेकरंच हायेत." यानं हात झटकला.

सर उठून आले. उर्वशीची म्हणून एक जाड फाईल आणली, तिची चित्रं, तिचे कागद. "मी चार महिने बघतोय तिला," म्हणाले. "धडा एकदा ऐकला की तिला पाठ होतो. म्हणून वाटतं ती वाचते. नवा कागद दिला की ती चित्र बघून मनानेच सांगते. तेही सुंदर सांगते हं! पण ते वाचणं नाही."

"चार महिने पाहून राह्यले तं मले आज सांगता?" मीच म्हटलं. मले राग आलाच होता.  ते त्यायचं चुकलंच, मी आजही म्हणते.

पंजाबरावनं फाईल उघडलीही नाही. "कागद तुमचे, पेन तुमचा," म्हणे, अन् पोरीले ओढत घरी.

त्या राती त्याले जेवण गेलं नाही. मी सातवी शिकलेली, तो चौथी. कार्डाच्या मागच्या बाजूले पालकांसाठी म्हणून साध्या भाषेत छापलं होतं. मी म्हटलं, आयका तरी, अन् वाचाले लागली. "आई-बाबा, या कार्डावर गुण नाहीत. तुमच्या लेकराला आज काय येतं आणि पुढे काय शिकायचं आहे, ते यावर आहे. 'मदतीने करते' म्हणजे नापास नव्हे. कोणी सोबत बसलं तर जमतं, एकट्याला अजून जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'स्वतः करते' म्हणजे कोणी नसतानाही जमतं. 'इतरांना समजावते' म्हणजे पक्कं झालं. हे एका परीक्षेवरून लिहिलेलं नाही. रोजचं तोंडी काम, लेखी काम, खेळ, सगळं पाहून लिहिलं आहे. शेजारच्या लेकराच्या कार्डाशी तुलना करू नका..."

"बस!" तो ओरडला. "तुलना करू नका म्हणते! काहून करू नका? पकडल्या जाईन म्हणून!"

त्याच्या खाली घरी काय कराचं ते छापलं होतं. मी तिथपर्यंत पोचलीच नाही. त्यानं कार्ड हिसकलं अन् आढ्याले खोचून दिलं.

"जया, एकच सांग," तो म्हणे. "आपली पोरगी मागं हाय, का मागं ठेवली?"

 लोकाले वाटते सोपा सवाल हाय. आमच्यासाठी नाही. ठेवली असन तर सोडाचं नाही, पंचायत समितीत जाऊन साहेबाच्या टेबलावर कार्ड आपटाचं अन् वस्तीतली सारी लेकरं त्या शाळेतून काढाची, असं त्यानं ठरवलंच होतं. दोन घरं त्याच्या मागं उभीही राह्यली होती. अन् खरंच मागं असन तर? त्याचं त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. 

दरसाली आम्ही जिनात जातो तवा उर्वशी माझ्या सासूजवळ, शकुबाईजवळ राह्यते. त्या साली तो म्हणे, पोट्टी आपल्यासंग येईन. शकुबाई भल्ली तणतणली. "शाळा बुडवता कायले लेकराची?"

"बुडत नाही. पुसदले बसवतो शाळेत."

मले वाटलं बाप्पा, चांगलीच अक्कल आली याले. आता कायदा झाला होता, कोणतंही लेकरू आलं का शाळेनं बसवून घ्याचं, कागद नसले तरी. जिनाच्या मागंच एक शाळा होती. कामाले आलेल्यायची लेकरं तिथं बसत. याच्या मनात काय होतं ते मले शाळेच्या फाटकात समजलं.

सकाळची येळ होती. फाटकाजवळ तो थांबला, उर्वशीपुढं उकिडवा बसला अन् तिच्या झिपऱ्या नीट करत म्हणे, "बाई नाव इचारतीन. सांगाचं, उर्वशी पंजाबराव कदम."

मले आधी समजलंच नाही. समजलं तशी मी पोरीले मागं ओढलं.

"गाडी फिरवून राह्यले का तुमी?" मी म्हटलं. "पोरगी म्हणजे कापूस हाय का?"

"गप व. चारच दिवस. या बाईले आपण कोण हे ठाऊक नाही. तिले फक्त पोरगी दिसन, बाकी काही नाही. मंग समजन."

"तुमच्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, ती नाव लपवाले? लाज वाटू द्या जराशी!"

"लाज वाटते म्हणूनच करून राह्यलो," तो म्हणे. त्याचा आवाज फाटला होता. उर्वशी एकदा त्याच्याकडं पाहे, एकदा माझ्याकडं.  

शोभा बाई म्हणून होत्या तिसरीले. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, पोट्ट्यायवर ओरडत ओरडतच हसणाऱ्या. हजेरीच्या मागच्या पानावर कच्चं नाव लिहिलं: उर्वशी पंजाबराव कदम. आधीच्या शाळेचं कार्ड मागतलं. हा म्हणे, घरी राह्यलं. बाई म्हणाल्या, "राहू द्या. मी आधी तिला काय काय येतं ते बघते. परवा दुपारी या, तुमच्यासमोरच सांगते."

ते दोन दिवस तो जिनात नुसता भिरभिरत होता. गाड्या तशाही कमीच होत्या. मी कापूस वेचता वेचता पाहे, हा भिंतीपाशी जाऊन शाळेचा गलका आयकत उभा. राती मले म्हणे, "पाह्य, ही बाई 'स्वतः करते' असंच लिहीन. मंग साकेत सराले दाखवतो." पोरगी झोपली हाय असं त्याले वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही गेलो. अंगावरचा कापूस झटकून, तोंड धुऊन. वर्गात बाई, उर्वशी अन् आम्ही दोघं. बाईनं पुस्तक उघडून दिलं. उर्वशीनं धडा असा घडाघडा वाचला का अडखळली म्हणून नाही. पंजाबरावनं माझ्याकडं पाह्यलं. त्याच्या तोंडावर जे हसू आलं ना, लग्नातही मी ते पाह्यलं नव्हतं.

मंग बाईनं कपाटातून एक जाड पुठ्ठा काढला. वर चित्र, खाली चार ओळी. चित्रात म्हातारी अन् बकरी. "हे वाच बरं, बाळा."

उर्वशीनं चित्राकडं पाह्यलं, ओळीवर बोट ठेवलं अन् सुरू झाली. म्हातारीची बकरी हरवली, म्हातारी रडली, बकरी नाल्यावर सापडली. बोट ओळीवरून सरकत होतं, आवाज वर-खाली होत होता. पंजाबराव मान डोलावत होता. अन् मी, सातवी शिकलेली, त्या पुठ्ठ्यावर वाकली. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, म्हातारी बकरी घेऊन बाजाराले निघाली अन् वाटेत तिनं बकरीले पाणी पाजलं. हरवल्याचं नाव नव्हतं, नाल्याचं नाव नव्हतं. 

"गोष्ट फार छान सांगितलीस," बाई म्हणाल्या. "ही इथं लिहिली आहे का?"

पोरीनं ओळीवरचं बोट उचललं.

"हा पहिला शब्द कोणता?" बाईनं 'म्हा' वर बोट ठेवलं अन् थांबल्या. उर्वशीनं ओठ हलवले, "म्हा... म्हाता..." अन् बाई अजून थांबल्या. "म्हातारी!" पुढचा शब्द तसाच, धरून धरून. चार ओळीले एवढा वेळ लागला का बाहेर पोट्ट्यायचा खेळ संपून दुसरा सुरू झाला. पण ती शेवटपर्यंत गेली.

बाईनं चिठ्ठीवर लिहिलं अन् वाचून दाखवलं. बोलणं, गोष्ट सांगणं: इतरांना समजावते. ओळखीचा धडा: पाठ आहे. न पाहिलेला मजकूर: मदतीने.

तेच. आढ्याले खोचलं होतं तेच.

"साकेत सराचा फोन आलता का तुमाले?" पंजाबरावनं इचारलं.

"कोण साकेत सर?" बाई चष्मा वर करून म्हणाल्या. "मी तुम्हालाच ओळखत नाही, कदमभाऊ, तर सर कोण?"

त्यानं चिठ्ठी घेतली अन् वर्गाच्या बाहेर आला. ओट्याच्या पायरीवर बसला, मी खांबाले टेकून उभी. त्याच्याकडं पाहवत नव्हतं. हरलेला माणूस पाह्यला हाय मी. पण हा हरलाही नव्हता नीट. ज्याच्याशी भांडाचं तोच कुठं सापडत नव्हता त्याले.

उर्वशी हळूच त्याच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, सरायनं खरंच लिहिलं होतं. मले नाही येत."

"येईन माय," तो म्हणे, तिच्याकडं न पाहता.

"मी कदम झाली तरी नाही आलं." ती थोडी थांबली. "आता माझं नाव मले परत देता का?"

पंजाबरावनं दोन्ही हातानं तोंड झाकलं. बाईमाणसासारखा रडला तो, असं लोक म्हणतात ना? मी तसं म्हणणार नाही. बाया तशा रडत नाहीत, बायायले सवय असते. तो असा रडला का त्याले रडाचं कसं तेच ठाऊक नव्हतं. मलेही आवरलं नाही. त्याचा राग होता मनात, पण त्याच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय राहवलं नाही.

मंग तो उठला अन् पोरीचा हात धरून परत वर्गात गेला. मी मागं.

"बाई, एक गलती झाली," तो म्हणे. "कदम नाही. उर्वशी पंजाबराव पाईकराव. बौद्ध हावो आम्ही."

मी बाईच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. खोटं कायले सांगू, मी असं कधी कोणाच्या तोंडाकडं पाह्यलं नाही. भुवई हालते का, ओठ मुरडते का, आवाज बदलते का. या एका घडीसाठी आम्ही आयुष्यभर सावध राह्यतो. बाईनं आधी त्याच्याकडं पाह्यलं, मंग उर्वशीकडं. काहून नाव बदललं ते त्यायले समजलं, हे मले दिसलं. त्यायचं तोंड उतरलं. मंग त्यायनं हजेरीचं मागचं पान काढलं, कदम खोडलं, पाईकराव लिहिलं.

"आता नाव समजलं तुमाले," पंजाबराव म्हणे. अजूनही त्याच्या आवाजात ती जिनातली धार होती. "मंग आता काय लिहिता चिठ्ठीवर? मदतीनंच?"

"हो," बाई म्हणाल्या. "नाव बदललं म्हणून तिचं वाचन कसं बदलेल?"

तो उभाच राह्यला. बापाच्या गाडीपासून आजपर्यंत त्यानं जेवढे शब्द आयकले, सारे नाव समजलं का बदलले होते. हा बदलला नाही. त्याचा भरवसा बसला असं मी म्हणत नाही. त्याचा भरवसा आजही कोणावर नाही, बाईवरही नाही, साकेत सरावरही नाही. वस्तीतली तिन्ही लेकरं मदतीने काहून, हे तो गावी जाऊन सराले इचारणार होता, अन् त्यानं इचारलंही. सर म्हणे, बाकीची दोन लेकरं मायबापासंग वावरात कामाले जातात, हजर कमी राह्यतात, म्हणून. यानं लेकरायची हजेरी मागून तपासली; खाडे खरंच होते.

पण ते पुढचं. त्या दुपारी तो वर्गात त्या बुटक्या बाकावर बसला, लेकरायच्या बाकावर, गुडघे छातीले लागलेले. डोळे पुसले. चिठ्ठी बाईपुढं सरकवली.

"मंग मदत कशी कराची," तो म्हणे, "ते मले शिकवा. मी चौथीच हावो."

बाईनं म्हातारीचा पुठ्ठा परत काढला. उर्वशी एका बाजूले, तो दुसऱ्या बाजूले. बाईनं त्याचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं अन् म्हणाल्या, "आता थांबायचं. ती अडली तरी लगेच सांगायचं नाही."

"किती थांबाचं?"

"तिला येईपर्यंत."

जिनाचा भोंगा झाला. सुट्टी संपली होती, मुकादम ओरडणार होता. आमचा माणूस थांबून राह्यला.